कीबोर्ड अपडेटनंतर इमोजी ओळखू येईनासे झाले? आधी या तपासण्या करा, मग कंपनीला तक्रारीचं पत्र लिहा

नात्यातल्या आणि ओळखीतल्या लोकांच्या फोनवर ही तक्रार मी अनेकदा हाताळली आहे. दर वेळी सुरुवात एकाच वाक्याने होते: "कीबोर्ड अपडेट झाला आणि माझे इमोजी गेले." वाक्य एकच असलं तरी त्यामागचे बिघाड वेगवेगळे असतात. म्हणून फोन हातात घेण्याआधी मी नेमकं काय दिसतंय ते विचारून घेतो.

लक्षणं

सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण म्हणजे सगळ्या चेहऱ्यांची धाटणी बदललेली असते. रंग, डोळे, भुवया सगळं नवं. हसरा चेहरा कुत्सित वाटतो, दमलेला चेहरा रडका वाटतो, आणि रोज वापरातला चेहरा समोर असूनही सापडत नाही. दुसरं लक्षण याला लागूनच येतं: कीबोर्डवर बोट ठेवलं तेव्हा एक चित्र होतं, पण संदेशात गेल्यावर दुसरंच उमटलं.

काही जणांची चित्रं तशीच असतात, फक्त "अलीकडे वापरलेले" हा पहिला कप्पा रिकामा झालेला असतो. बरीच वर्षं तिथूनच इमोजी उचलायची सवय असल्याने ते गायब झाल्यासारखे वाटतात. काहींना इमोजीच्या जागी रिकामा चौकोन दिसतो, किंवा एका चित्राचे दोन-तीन तुकडे शेजारी शेजारी दिसतात. काहींचा इमोजी दाबल्यावर संदेशात भलंमोठं चित्र जातं. ते स्टिकर असतं, इमोजी नव्हे. नव्या कीबोर्डात दोन्ही एकाच पट्टीत दाखवतात, त्यामुळे ही गफलत होते. आणि कधीकधी सगळे चेहरे जुनेच असतात, पण चार-पाच अगदी वेगळ्या हातचे वाटतात.

यातलं पहिलं आणि दुसरं लक्षण एकत्र आलं की माणूस खरोखर अडचणीत येतो. माझ्या मावशीचं तसंच झालं. तिचं उदाहरण मी पुढे शेवटपर्यंत घेतो, कारण त्यात जवळजवळ सगळे टप्पे येतात.

मावशी रोज रात्री भाचीला "झोपते आता" लिहून पुढे 😪 टाकायची. हा पेंगुळलेला चेहरा आहे. नाकाशी जो फुगा दिसतो, तो झोपेत येणारा फुगा. जपानी चित्रकथांमध्ये झोप दाखवायची ती जुनी पद्धत आहे. अपडेटनंतर मावशीच्या कीबोर्डवर तो फुगा नाकापासून सरकून गालावर आला आणि थेंबासारखा दिसू लागला. तिला वाटलं, हा रडतोय, म्हणजे हा आपला नव्हे. शोधता शोधता तिला 😥 त्यातल्या त्यात जवळचा वाटला, आणि तिने तो टाकला. "झोपते आता 😥" वाचून भाचीने घाबरून फोन केला. दोन-तीन रात्री असंच झाल्यावर मावशीने इमोजी टाकणंच सोडलं. लोक याला किरकोळ म्हणतात, पण ज्या माणसाला टायपिंग जड जातं, त्याच्यासाठी तो चेहराच अर्धं वाक्य असतो. तो काढून घेतला की माणूस कमी बोलू लागतो.

चित्र कोणाचं असतं?

एवढं समजलं नाही तर पुढची प्रत्येक तपासणी अंधारात होते. इमोजी पाठवताना फोन चित्र पाठवत नाही, एक क्रमांक पाठवतो. 😪 चा क्रमांक U+1F62A, 😥 चा U+1F625. हे क्रमांक आणि त्यांची इंग्रजी नावं युनिकोड ही संस्था ठरवते, आणि एकदा ठरले की ते बदलत नाहीत. चित्र मात्र युनिकोड ठरवत नाही. ते ज्याच्या त्याच्या फोनमधला फॉन्ट काढतो. म्हणजे अक्षर तेच, वळण वेगळं.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. बहुतेक वेळा कीबोर्ड चित्र बनवतच नाही. तो सिस्टीमच्या फॉन्टमधली चित्रं मांडून दाखवतो आणि निवडलेला क्रमांक पुढे सरकवतो. गुगलचा नोटो फॉन्ट अँड्रॉइड फोनमध्ये `NotoColorEmoji.ttf` या फाइलमध्ये असतो, आणि काही कंपन्या त्याऐवजी स्वतःचा फॉन्ट टाकतात. तेव्हा दोष कीबोर्डचा वाटला तरी तो फॉन्टचा असू शकतो. त्यातच अँड्रॉइड १२ पासून इमोजीचा फॉन्ट मोठ्या सिस्टीम अपडेटशिवायही बदलता येतो. त्यामुळे "मी तर फक्त कीबोर्ड अपडेट केला" असं माणूस मनापासून सांगतो आणि तरीही फॉन्ट बदललेला असतो.

याशिवाय काही ॲप सिस्टीमचा फॉन्ट वापरतच नाहीत. अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲप स्वतःची चित्रं वापरतं. आयफोनवर मात्र ते ॲपलचीच दाखवतं. मावशीला कीबोर्डवर एक आणि चॅटमध्ये दुसरं चित्र दिसायचं, त्याचं कारण हेच.

पहिली तपासणी: एकच इमोजी तीन ठिकाणी पाहा

याला दोन मिनिटं लागतात आणि काहीही बिघडत नाही, म्हणून ही नेहमी आधी. जो इमोजी बदललाय तो फोनच्या साध्या नोट्समध्ये टाका. मग तोच व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच पाठवा. आता कीबोर्डच्या पट्टीतलं, नोट्समधलं आणि व्हॉट्सॲपमधलं अशी तिन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा आणि प्रत्येकाचा स्क्रीनशॉट घ्या. पुढे पत्राला हेच स्क्रीनशॉट लागतात.

कीबोर्ड आणि नोट्स दोन्हीकडे नवं चित्र, व्हॉट्सॲपमध्ये जुनंच, असं असेल तर सिस्टीमचा फॉन्ट बदललाय. नोट्समध्ये जुनं आणि फक्त कीबोर्डच्या पट्टीत नवं, तर कीबोर्डने स्वतःची चित्रं आणली आहेत. फक्त व्हॉट्सॲपमध्ये बदल दिसत असेल तर बदल व्हॉट्सॲपने केलाय, आणि फोन कंपनीला लिहून काही उपयोग नाही. चार-पाच चेहरेच वेगळ्या हातचे असतील तर बहुधा ते नव्याने आलेले इमोजी असतात. तुमच्या फॉन्टमध्ये ते नसतात, म्हणून ॲप ते गुगलच्या फॉन्टमधून उसने घेतं. तो बिघाड नाही.

मावशीच्या फोनवर पहिला प्रकार निघाला. म्हणजे दोष कीबोर्डचा नव्हता, हे पहिल्या दोन मिनिटांतच कळलं. तिची निम्मी अडचणही तिथेच सुटली: व्हॉट्सॲपमध्ये लिहायच्या चौकटीतच डाव्या बाजूला हसऱ्या चेहऱ्याचं बटण असतं. ते दाबल्यावर व्हॉट्सॲपची स्वतःची पट्टी उघडते, आणि त्यात तीच चित्रं असतात जी पुढे चॅटमध्ये उमटतात. कीबोर्डवरचं इमोजीचं बटण वेगळं. मी तिला एवढंच शिकवलं की हे वरचं बटण दाबायचं, खालचं नाही. तिचा पेंगुळलेला चेहरा लगेच सापडला.

दुसरी: समोरच्याला काय दिसतं ते विचारा

ज्याला संदेश गेला त्याच्याकडून स्क्रीनशॉट मागवा. वेगळ्या कंपनीचा फोन असेल तर अधिक चांगलं. त्याला तुमचा इमोजी ठीक दिसत असेल तर जुने संदेश शाबूत आहेत आणि बिघाड फक्त तुमच्या फोनवर दिसण्यापुरता आहे. बऱ्याच जणांना धास्ती असते की आधी पाठवलेल्या सगळ्या संदेशांचा अर्थ बदलला. क्रमांक बदलत नाही, त्यामुळे समोरच्याच्या फोनवर काहीच बदललेलं नसतं. त्याच्याकडेही त्याच कंपनीचा फोन असेल आणि त्यालाही हेच अपडेट आलं असेल, तर मात्र दोघांनाही नवंच चित्र दिसेल. ही गोष्ट पत्रात लिहिण्याजोगी आहे.

तिसरी: फोन बंद करून चालू करा, मग थीम बघा

चौकोन दिसत असतील किंवा इमोजीचे तुकडे होत असतील तर फोन एकदा बंद करून चालू करा. अपडेट अर्धवट बसलेलं असेल तर यानेच पुष्कळदा निस्तरतं. तुकडे होण्याचं कारण असं की कुटुंबासारखे काही इमोजी अनेक इमोजी अदृश्य चिन्हाने जोडून बनतात. फॉन्टला ती जोडणी ठाऊक नसेल तर तो एकेक चित्र सुटं दाखवतो. चौकोन म्हणजे त्या क्रमांकाचं चित्रच फॉन्टमध्ये नाही. दोन्ही ठिकाणी खरा उपाय नवं अपडेट हाच असतो, जुन्यावर परतणं नव्हे.

त्यानंतर थीम आणि अक्षरशैली तपासा. काही फोनमध्ये बाहेरून घेतलेली थीम किंवा फॉन्ट इमोजीसुद्धा बदलतो, आणि अपडेटच्या वेळी तो आपोआप लागू होतो किंवा निघून जातो. सेटिंगमध्ये जाऊन मूळ अक्षरशैली निवडा आणि नोट्स पुन्हा उघडून पाहा.

चौथी: दुसरा कीबोर्ड लावून पाहा

कोणता कीबोर्ड चालू आहे ते सेटिंगमधल्या भाषा आणि इनपुटच्या भागात दिसतं. फोनमध्ये बहुधा दोन कीबोर्ड असतातच. दुसरा निवडा आणि त्याची इमोजी पट्टी उघडा. तिथेही नवीच चित्रं असतील तर फॉन्टवरचा संशय पक्का होतो. जुनी दिसली तर दोष पहिल्या कीबोर्डचाच.

इथे एक कळकळीची सूचना. दुसरा कीबोर्ड हवा म्हणून अनोळखी संकेतस्थळावरून "जुने इमोजी" देणारं ॲप उतरवू नका. कीबोर्डला तुम्ही लिहिलेलं प्रत्येक अक्षर दिसतं, पासवर्डसुद्धा. चित्रांसाठी ही किंमत मोजू नये. शिवाय फॉन्ट सिस्टीमचा असेल तर त्या ॲपने फार तर पट्टीत जुनं चित्र दिसेल, संदेशात नवंच उमटेल, आणि गोंधळ वाढेल.

पाचवी: कीबोर्डचं अपडेट काढून बघा

ही तपासणी फक्त तेव्हाच करा, जेव्हा आधीच्या तपासण्यांत कीबोर्डच दोषी निघाला असेल. सेटिंगमध्ये ॲपच्या यादीत कीबोर्ड उघडा. आधी Storage मध्ये जाऊन Clear cache करा. त्याखालचं किंवा शेजारचं Clear data दाबू नका. त्याने कीबोर्डने शिकलेले तुमचे शब्द पुसले जातात, आणि मराठीत लिहिणाऱ्याला ते नुकसान जास्त जाणवतं, कारण नावं, आडनावं, बोलीतले शब्द असं सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं.

Clear cache ने फरक पडला नाही तर वरच्या तीन ठिपक्यांत Uninstall updates असतं. ते दाबल्यावर कीबोर्ड फोनसोबत आलेल्या मूळ आवृत्तीवर जातो, आणि यातही शिकलेले शब्द जातात. तेव्हा वैयक्तिक शब्दकोशात काही महत्त्वाचं असेल तर आधी उतरवून ठेवा. त्यानंतर प्ले स्टोअरमध्ये कीबोर्डच्या पानावरच्या तीन ठिपक्यांतली Enable auto update ची खूण काढा, नाहीतर तेच अपडेट काही दिवसांत परत येतं. पण जुनी आवृत्ती कायम ठेवू नका, सुरक्षिततेच्या दुरुस्त्या थांबतात. एक-दोन आवृत्त्या जाऊ द्या आणि मग पुन्हा चालू करा.

आयफोनवर ही तपासणी लागू नाही. तिथे इमोजीचा फॉन्ट सिस्टीमचाच भाग असतो आणि सिस्टीमच्या अपडेटबरोबरच बदलतो.

दरम्यान काम चालवायला

फॉन्ट बदलला असेल तर तुमच्या हातात चित्र परत आणणं नाही, पण नेमका इमोजी सापडणं आहे. नावाने शोधणं हा एक मार्ग. कीबोर्डच्या इमोजी पट्टीत शोधायची चौकट असते. तिथे sleepy लिहिलं की चित्र कसंही असो, U+1F62A समोर येतो.

त्याहून बरा उपाय वैयक्तिक शब्दकोशाचा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये Personal dictionary उघडून शब्दाच्या जागी 😪 आणि शॉर्टकटच्या जागी zop असं लिहून ठेवा. मग zop टाइप केलं की वरच्या सूचनांत तो चेहरा येतो. आयफोनवर हेच Text Replacement मध्ये करता येतं. मावशीच्या फोनवर मी असे सहा चेहरे बसवून दिले. साध्या एसएमएसमध्ये तिला त्यांचाच आधार आहे, कारण तिथे व्हॉट्सॲपचं बटण नसतं.

इथे थांबा

यापुढे स्वतः काही करू नये. फॅक्टरी रीसेट करू नका. रीसेटने तुमचे फोटो आणि संदेश जातात, पण फोनची सिस्टीम मागच्या आवृत्तीवर जात नाही, त्यामुळे नवे चेहरे बहुधा तिथेच राहतात. हे नुकसान मी प्रत्यक्ष पाहिलंय: फोटो गेले आणि इमोजी तसेच राहिले. फोन रूट करून, म्हणजे सिस्टीमवर पूर्ण ताबा घेऊन, फॉन्टची फाइल बदलणं किंवा जुनं सॉफ्टवेअर चढवून घेणं हेही टाळा. त्यासाठी फोन सुरू करणारा बूटलोडर हा भाग उघडावा लागला तर सगळा डेटा पुसला जातो. नंतर बँकेची ॲप चालायला नकार देऊ शकतात, आणि मधेच काही चुकलं तर फोन सुरूच होत नाही.

इमोजींबरोबर साधी अक्षरंही चौकोन होत असतील, देवनागरी जोडाक्षरं तुटत असतील, किंवा कीबोर्ड उघडताच बंद पडत असेल, तर तो चित्रांचा प्रश्न राहिलेला नाही. फोनचा बॅकअप घ्या आणि अधिकृत सेवा केंद्रात जा. तिथे सॉफ्टवेअर पुन्हा चढवण्याची गोष्ट निघाली तर डेटा राहणार की जाणार, हे आधी लेखी विचारा.

आणि फोन सगळ्या बाबतींत ठीक आहे, फक्त चित्र अर्थ बदलतंय, असं ठरलं तर सेवा केंद्राकडे त्यावर उपाय नसतो. ज्याने चित्र काढलं त्याला लिहिणं, एवढंच उरतं.

पत्र: कोणाला आणि काय मागायचं

बरीच पत्रं पहिल्याच पायरीवर चुकतात, कारण ती सिमकार्डाच्या कंपनीला जातात. तिचा इमोजीशी संबंध नाही. पत्र फोन बनवणाऱ्या कंपनीला लिहायचं. चित्र कोणाचं हे नक्की करायचं तर इमोजीपीडियावर तो इमोजी उघडा. तिथे एकाच क्रमांकाची वेगवेगळ्या कंपन्यांची चित्रं आणि जुन्या आवृत्त्या लागोपाठ दिसतात. तुमच्या नोट्समधलं चित्र गुगलच्या चित्राशी जुळलं तर ते नोटोचं आहे. तो प्रकल्प गिटहबवर खुला आहे आणि तिथे थेट त्रुटी नोंदवता येते.

संगणकावर पायथन असेल तर क्रमांक असाही मिळतो:

```
print([hex(ord(c)) for c in "😪"])
```

उत्तर `['0x1f62a']` असं येतं. एकाऐवजी अनेक क्रमांक आले आणि त्यात `0x200d` असेल तर तो जोडलेला इमोजी आहे. मग पत्रात सगळे क्रमांक लिहा.

काय मागायचं, यावर पत्राचं यश बरंचसं अवलंबून असतं. "आमचे जुने इमोजी परत द्या" ही मागणी मनापासूनची असली तरी ती मान्य होणं कठीण. गुगलने २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ च्या वेळी आपले थेंबाच्या आकाराचे जुने चेहरे काढून गोल चेहरे आणले. जुने चेहरे लोकांच्या खूप आवडीचे होते, तरी इमोजी म्हणून ते परत आले नाहीत. पुढे स्टिकर म्हणून तेवढे मिळाले. याउलट एका चित्रातली एक चूक दुरुस्त होते. त्याच वर्षी गुगलच्या बर्गरमध्ये चीज पॅटीच्याही खाली काढलंय हे लोकांनी दाखवून दिलं आणि अँड्रॉइड ८.१ मध्ये ते चित्र सुधारलं. म्हणून मी नेहमी एक इमोजी, एक चूक आणि एक मागणी एवढंच पत्रात ठेवतो.

मावशीचं पहिलं पत्र तिनेच लिहिलं होतं. त्यात होतं की नवे इमोजी समजत नाहीत, सगळा गोंधळ झालाय, कृपया काहीतरी करा. उत्तर आलं की कीबोर्डचा कॅशे साफ करून फोन पुन्हा सुरू करा. उत्तर देणाऱ्याचीही चूक नव्हती. पत्र वाचून त्याला बिघाड कुठला हे कळायला मार्गच नव्हता. मग आम्ही दोघांनी बसून दुसरं लिहिलं:

> प्रति,
> ग्राहक तक्रार विभाग
>
> विषय: U+1F62A या इमोजीच्या नव्या चित्रामुळे संदेशाचा अर्थ बदलतो, चित्र दुरुस्त करण्याबाबत
>
> महोदय/महोदया,
>
> मी आपल्या कंपनीचा फोन वापरते. मॉडेल क्रमांक, सिस्टीमची आवृत्ती, बिल्ड क्रमांक, कीबोर्डची आवृत्ती आणि अपडेट झाल्याची तारीख सोबतच्या कागदावर दिली आहे.
>
> या अपडेटनंतर U+1F62A या इमोजीचं चित्र बदललं आहे. युनिकोडमध्ये याचं नाव Sleepy Face आहे. आधीच्या चित्रात फुगा नाकाला चिकटलेला होता, त्यामुळे झोप कळत होती. नव्या चित्रात तो गालावर आहे आणि अश्रूसारखा दिसतो. त्यामुळे हा चेहरा U+1F622, म्हणजे Crying Face, यापासून वेगळा ओळखता येत नाही. दोन्हींचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.
>
> हाच इमोजी नोट्समध्ये आणि फोनमधल्या दुसऱ्या कीबोर्डवरही तसाच दिसतो. फोन पुन्हा सुरू केला, मूळ अक्षरशैली निवडली, कीबोर्डचा कॅशे साफ केला. फरक पडला नाही. म्हणून हा प्रश्न कीबोर्डचा नसून सिस्टीमच्या इमोजी फॉन्टचा आहे, असं आम्हाला वाटतं.
>
> हा चेहरा मी रोज झोपताना घरच्यांना पाठवते. चित्र बदलल्यामुळे मी चुकीचा चेहरा निवडला आणि मला काही त्रास होतो आहे असं समजून घरच्यांनी काळजीने फोन केले.
>
> माझी विनंती अशी: U+1F62A मधला फुगा पुन्हा नाकाशी आणावा. ही तक्रार चित्रं तयार करणाऱ्या विभागाकडे पाठवावी आणि तिचा नोंद क्रमांक मला कळवावा. कॅशे साफ करण्याची सूचना कृपया पुन्हा देऊ नये, ते आधीच केलं आहे.
>
> आपली,
> (नाव, सही, तारीख)

विषयाच्या ओळीत क्रमांक आहे, कारण पत्र एका विभागातून दुसऱ्यात जाताना बहुधा तेवढी ओळच वाचली जाते. आणि पत्राच्या मजकुरात घातलेला इमोजी वाचणाऱ्याच्या फोनवर वेगळाच दिसतो, त्यामुळे चित्राऐवजी क्रमांक आणि स्क्रीनशॉट हवेत. हा नियम मोडला की सगळं पत्र निरर्थक होतं: "हा 😪 बघा कसा रडतोय" असं लिहिलं, आणि समोरच्याच्या संगणकावर तो छान पेंगताना दिसला, तर तक्रार तिथेच बंद होते.

केलेल्या तपासण्यांचा परिच्छेद गाळू नका. पहिल्या पायरीवर बसलेल्या माणसाला ठरलेली उत्तरं द्यावी लागतात. ती करून झाली आहेत हे दिसलं तर पत्र पुढे सरकतं. बिल्ड क्रमांक About phone मध्ये मिळतो. तो वाचताना त्यावर वारंवार बोट मारू नका, सात वेळा दाबल्यावर डेव्हलपरसाठीचे पर्याय उघडतात आणि उगाच घाबरायला होतं.

रोजच्या वापराचा परिच्छेद मावशीने स्वतः लिहिला. मी त्यातला एकही शब्द बदलला नाही. आधी तो गाळावा असं मला वाटलं होतं, पण चित्राची चूक माणसाला कुठे लागते हे त्याच ओळींतून कळतं.

उत्तर आलं नाही तर तीन आठवडे थांबून त्याच नोंद क्रमांकावर पुन्हा लिहा, नवी तक्रार उघडू नका. दर वेळी नवा क्रमांक मिळाला की आधीचं सगळं मागे पडतं. मधल्या काळात आणखी अपडेट आलं तर पहिली तपासणी पुन्हा करून नवा स्क्रीनशॉट जोडा.

आमच्या दुसऱ्या पत्राला नोंद क्रमांक मिळाला आणि तक्रार संबंधित विभागाकडे पाठवल्याचं उत्तर आलं. दोन अपडेट नंतर फुगा नाकाजवळ सरकला. बाकीचे चेहरे नवेच राहिले आणि मावशीने ते हळूहळू ओळखायला घेतलेत, पण zop हा शॉर्टकट मी तिच्या शब्दकोशात तसाच ठेवलाय.